वीस धडे, वीस पानं: दहावी विज्ञानाच्या अखेरच्या उजळणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली मराठी माध्यमाची शाळा, राज्य मंडळाचा दहावीचा वर्ग. विद्यार्थिनी नियमित, वह्या पूर्ण, वर्गात उत्तरं देणारी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्वपरीक्षेचे पेपर हातात आले, तेव्हा विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी २२ आणि भाग २ मध्ये ४० पैकी २५ गुण होते. बाकीच्या विषयांत ती याहून बरीच पुढे होती.

मंडळाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. विज्ञानाचा पहिला पेपर १० मार्चला, सोमवारी. दुसरा बुधवारी. म्हणजे हातात सात आठवडे होते, पण त्यातले शेवटचे अडीच आठवडे भाषा आणि गणिताच्या पेपरांत जाणार होते. विज्ञानाला रोज दीड तासापेक्षा जास्त वेळ देता येत नव्हता.

दोन्ही भागांत दहा-दहा धडे. प्रत्येक धड्याचं एका पानात सार काढायचं आणि शेवटच्या फेऱ्यांत पुस्तकाऐवजी तेच वापरायचं, हा विचार तिचाच होता. दिवाळीच्या सुट्टीत तिने तशी सहा पानं केलीही होती. पूर्वपरीक्षेआधी ती सगळी वाचून झाली होती.

अडचण नेमकी कुठे होती

विज्ञानाच्या मॅडमनी पेपर आणि ती सहा पानं शेजारी ठेवून पाहिली. गेलेल्या गुणांपैकी बरेचसे त्याच सहा धड्यांतले होते. मुलगी म्हणाली, “मॅडम, हे सगळं पानावर होतं. पेपरात आठवलंच नाही.”

पानं पाहिल्यावर कारण दिसत होतं. ‘उष्णता’ धड्याच्या पानावर बारीक अक्षरात सत्तरेक ओळी होत्या, त्यातल्या निम्म्या पाठ्यपुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी. तीन रंगांचे हायलायटर फिरवलेले. पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलेलं पान असं होणारच, कारण लिहिताना काहीही आठवावं लागत नाही आणि काय गाळायचं हेही ठरवावं लागत नाही. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असा समज पक्का होतो. पेपरात मात्र समोर ओळ नसते, नुसता प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. ‘भिंगे’ धड्याच्या पानावर सूत्र ठळक चौकटीत होतं, तरी गणित चुकलं होतं. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा कुठे मिळेल? तिने वस्तूचं अंतर धन घेतलं आणि उत्तर १२ सेमी काढलं. सूत्र बरोबर होतं, चिन्ह चुकलं. तिच्या पानावर चिन्हांच्या संकेताची चार वाक्यं होती, पण ‘मी इथे चुकते’ हे कुठेच नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: बाजारातल्या गाइडमधले तयार सारांश वापरायचे. वेळ वाचला असता, पण तिची अडचण माहिती हाताशी नसण्याची नव्हती. दुसऱ्याने निवडलेल्या ओळी वाचून तीच ओळखीची भावना पुन्हा मिळाली असती.

दुसरा पर्याय चार मैत्रिणींनी सुचवला. प्रत्येकीने पाच धडे करायचे आणि झेरॉक्स वाटून घ्यायच्या. यावर बरीच चर्चा झाली, कारण वेळेचा हिशेब खरोखरच मोहात पाडणारा होता. पण पान बनवताना जे आठवावं लागतं, ते बनवणारीलाच आठवावं लागतं. पंधरा धड्यांसाठी तो भाग निसटला असता. मैत्रिणींशी देवाणघेवाण ठेवायची ती प्रश्न विचारण्यापुरती, असं ठरलं.

तिसरा पर्याय होता पानं सोडून देऊन फक्त जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा. मॅडमचा कल सुरुवातीला याकडेच होता. अडचण अशी की वीस धड्यांपैकी निम्म्यांत पायाच कच्चा होता आणि प्रत्येक पेपरात त्याच जागा पुन्हा चुकल्या असत्या.

शेवटी ठरलं ते असं: वीसही पानं नव्याने करायची, पण पुस्तक बंद ठेवून सुरुवात करायची. पान वाचण्यासाठी नाही, स्वतःला विचारण्यासाठी करायचं. प्रश्नपत्रिका दुसऱ्या फेरीपासून सोबत येतील.

पान कसं बनवलं

कोरा ए-फोर कागद, एकच बाजू. डावीकडून साधारण सात सेंटीमीटरवर उभी रेघ. रेघेच्या डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराचा सांगाडा. खाली चार सेंटीमीटरची आडवी पट्टी मोकळी, तिचं नाव ‘माझ्या चुका’. कागद उभ्या रेघेवर मागे दुमडला की उत्तरं झाकली जातात आणि फक्त प्रश्न दिसतात. याच दुमडीसाठी सगळी मांडणी होती.

करण्याचा क्रम महत्त्वाचा होता. आधी पुस्तक बंद ठेवून, कच्च्या कागदावर धड्यातलं जे आठवेल ते पंधरा मिनिटं लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने त्याच कच्च्या कागदावर भरायचं. त्यानंतरच पक्कं पान, आणि त्यात जास्त जागा लाल भागाला. जे आपणहून आठवलं होतं, त्याला एक ओळ पुरते. प्रश्नांची मर्यादा नऊ ते बारा. प्रत्येकापुढे पुस्तकाचा पान क्रमांक, म्हणजे अडल्यावर शोधाशोध नको.

‘भिंगे’ धड्याचं नवं पान असं झालं. डावीकडे पहिला प्रश्न: ‘वस्तू F1 आणि 2F1 यांच्या मध्ये असेल तर प्रतिमा कुठे, कशी?’ उजवीकडे: ‘2F2 च्या पलीकडे, वास्तव, उलटी, मोठी’, आणि शेजारी दोन किरणांची छोटी आकृती. वस्तूच्या सहा स्थानांपैकी तिला तीन आपणहून आठवली होती, म्हणून उरलेल्या तिघांनाच आकृती मिळाली. पुढचा प्रश्न चिन्हांचा: ‘u, बहिर्गोल f, अंतर्गोल f: धन की ऋण?’ त्यापुढे निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता यांची कारणं व भिंगं, आणि शक्तीचं सूत्र.

खालच्या पट्टीत दोनच नोंदी होत्या. पहिली पूर्वपरीक्षेतल्या गणिताची, पूर्ण सोडवलेली:

1/v = 1/f + 1/u = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणून v = 60 सेमी

आणि तिच्याखाली पडताळा: ‘३० हे २० आणि ४० च्या मध्ये, म्हणजे प्रतिमा ४० च्या पलीकडेच हवी. १२ येऊच शकत नाही.’ ही नोंद फार कामाची ठरली. सहा स्थानांचा तक्ता आतापर्यंत तिच्यासाठी पाठांतराचा होता, तो इथून गणित तपासायच्या कामी आला. दुसरी नोंद: ‘P = 1/f मध्ये f मीटरमध्ये. २० सेमी = ०.२ मीटर, P = ५ डायोप्टर. ०.०५ नव्हे.’

अशा जड धड्याला सव्वा तास लागायचा, हलक्याला पस्तीस-चाळीस मिनिटं. अवकाश मोहिमा, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन हे हलके. एका दिवशी एक जड किंवा दोन हलके धडे, याप्रमाणे बारा जड आणि आठ हलक्या धड्यांना सोळा दिवस लागले.

एका पानात न मावणारा धडा

‘प्राण्यांचे वर्गीकरण’ या धड्यापाशी काम अडलं. दहा संघ, प्रत्येकाची चार-पाच लक्षणं, उदाहरणं वेगळी. पहिल्या प्रयत्नात पान पुन्हा जुन्यासारखंच गच्च झालं. इथे दोन पानं करायची परवानगी द्यावी का, हा प्रश्न आला. मॅडमनी नकार दिला आणि वेगळी मांडणी सुचवली: संघांच्या दहा आडव्या ओळी, आणि सममिती, देहगुहा, खास ओळख आणि उदाहरण असे चार उभे स्तंभ. सममिती आणि देहगुहेच्या स्तंभांत फक्त जिथे बदल होतो तिथेच लिहायचं.

मग हे दोन स्तंभ जवळजवळ रिकामे झाले. सममितीत रंध्रीय संघासमोर ‘असममित’, सिलेंटेराटासमोर ‘अरीय’, चपट्या कृमींसमोर ‘द्विपार्श्व’ आणि खाली बाण. बाण मोडतो तो फक्त कंटकचर्मींपाशी, कारण तिथे डिंभ द्विपार्श्व आणि प्रौढ पंचअरीय असतो. देहगुहेतही तसंच: चपटे कृमी देहगुहाहीन, गोलकृमींत आभासी, वलयांकितांपासून पुढे सत्य. पन्नास तुटक नोंदींऐवजी सात-आठ वळणं लक्षात ठेवायची उरली. रिकाम्या तक्त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्या. या धड्याची उजळणी म्हणजे कोरा तक्ता भरणं. कागद दुमडायचं कारणच नव्हतं.

आकृत्यांचे धडे मात्र या युक्तीने सुटले नाहीत. पेशीविभाजनाच्या अवस्थांची छोटी चित्रं पानावर बसतात, पण ती पाहून हात तयार होत नाही. त्या पानांवर आकृतीऐवजी ‘काढ: मध्यावस्था, तीन नावं दे’ अशी सूचना लिहिली आणि आकृती दर वेळी कच्च्या कागदावर काढायची ठरली.

फेऱ्यांचं वेळापत्रक

तारखा परीक्षेपासून मागे मोजत लावल्या. शेवटची फेरी प्रत्यक्ष पेपरच्या आदल्या दिवसांत, तिच्या आधी भाषेच्या पेपरांचा काळ, त्याआधी दुसरी फेरी. पहिली फेरी पानं बनवतानाच चालू.

पहिली फेरी म्हणजे पान केल्यानंतर तिसऱ्या दिवशी ते दुमडून प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिणं, बारा मिनिटांत. त्याच संध्याकाळी तपासलं तर सगळं येतं आणि काहीच कळत नाही, म्हणून दोन दिवस मधे जाऊ दिले. या फेरीत बहुतेक पानांवर निम्मे प्रश्न चुकले. मुलगी हिरमुसली, पण मॅडमच्या दृष्टीने हा आकडा अपेक्षितच होता. चुकलेल्या प्रश्नासमोर एक टिंब द्यायचं, एवढाच नियम.

दुसरी फेरी ८ ते १७ फेब्रुवारी. एक दिवस चार पानं, दुसऱ्या दिवशी जुनी प्रश्नपत्रिका किंवा त्यातल्या चुकांची दुरुस्ती, असं आलटून पालटून. इथे पानं पिसून घेतली. धड्यांच्या क्रमाने घेतली की आधीचं पान पुढच्याची आठवण करून देतं. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ नंतर लगेच ‘भिंगे’ सोपं जातं, आणि पेपरात तो आधार नसतो. फेरी संपल्यावर तीन गठ्ठे झाले. दोनपर्यंत चुका असतील तर हिरवा, तीन-चार असतील तर पिवळा, पाच किंवा जास्त असतील तर लाल. हिरव्यात नऊ पानं, पिवळ्यात सहा, लालमध्ये पाच.

भाषेच्या पेपरांचे दिवस

सगळ्यांत मोठा मतभेद इथे झाला. २१ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात विज्ञानाला हात लावायचा की नाही? मुलीचं म्हणणं, चालू पेपरवरच लक्ष हवं. घरच्यांचंही तेच. मॅडमचं म्हणणं, दुसऱ्या फेरीनंतर तीन आठवडे काहीच न पाहिल्यास शेवटची फेरी पुन्हा पहिली फेरी होईल.

मधला मार्ग निघाला. पेपरचा आदला दिवस पूर्ण सुटा. बाकीच्या दिवशी रात्री जेवणानंतर दोन पानं, तीही फक्त लाल आणि पिवळ्या गठ्ठ्यांतली. पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. हे नीट पाळलं गेलं आणि ४ मार्चपर्यंत लाल गठ्ठ्यात एकच पान उरलं, ‘कार्बनी संयुगे’.

हिरव्या नऊ पानांकडे मात्र या काळात कुणी पाहिलं नाही. ती ‘झालेली’ होती ना.

शेवटचे दोन दिवस आणि बसलेला धक्का

७ मार्चला गणिताचा दुसरा पेपर झाला. शनिवारी भाग १ ची दहा पानं, प्रत्येकी सहा-आठ मिनिटं, आणि रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका असं ठरलं होतं. शनिवारी हिरव्या गठ्ठ्यातली दोन पानं कोसळली: ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ आणि ‘धातुविज्ञान’.

विसरण्याचा काळ लांबला हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पानावरच होतं. आवर्ती वर्गीकरणाच्या पानावर प्रश्न होता, ‘आवर्तनात डावीकडून उजवीकडे अणुत्रिज्या वाढते की कमी होते?’ उत्तर एका शब्दाचं, ते दोन्ही फेऱ्यांत बरोबर आलं आणि पान हिरवं ठरलं. पेपरात मात्र ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा स्वतंत्र प्रश्न असतो, तीनपैकी दोन, चार गुणांचा. केंद्रकावरचा धनप्रभार वाढत जातो, नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात, म्हणून ते अधिक आत ओढले जातात, हे कारण तिला लिहिता येईना. पानाने ते कधी विचारलंच नव्हतं. धातुविज्ञानाचंही तसंच. ‘ॲल्युमिनिअमच्या निष्कर्षणात धनाग्र कशाचे?’ याचं उत्तर ‘ग्रॅफाइट’ येत होतं. ते वेळोवेळी का बदलावे लागतात, हे नाही. धनाग्रापाशी तयार होणारा ऑक्सिजन ग्रॅफाइटशी संयोग पावतो, कार्बन डायऑक्साइड होतो आणि धनाग्र झिजत जातात, हा भाग पुस्तकात होता, पानावर नव्हता.

म्हणजे पानाचा रंग धड्याच्या तयारीइतकाच प्रश्नाच्या सोपेपणावरही ठरत होता. रविवारची प्रश्नपत्रिका रद्द करून ती वेळ या दोन धड्यांना द्यावी लागली. सोमवारी सकाळी ११ च्या पेपरआधी फक्त दहा पानांच्या खालच्या पट्ट्या वाचल्या, पंधरा मिनिटांत. मंगळवारी भाग २ ची दहा पानं झाली आणि वर्गीकरणाचा कोरा तक्ता दोनदा भरला. बुधवारी पुन्हा फक्त पट्ट्या.

निकाल

दुसऱ्या फेरीच्या काळात सोडवलेल्या, मॅडमनी तपासलेल्या पेपरांत भाग १ ला २८ आणि भाग २ ला ३१ गुण होते. मंडळाच्या निकालात विज्ञानाला १०० पैकी ८४ मिळाले. अंतर्गत मूल्यमापनाचे १९ होते, म्हणजे लेखी ८० पैकी ६५. पूर्वपरीक्षेत दोन्ही मिळून ४७ होते.

ही वाढ एकट्या पानांची नाही. याच काळात तिने चार पूर्ण पेपर सोडवले, आणि शाळांच्या पूर्वपरीक्षेत तपासणी सहसा कडक असते. पानांचा वाटा जिथे स्पष्ट दिसला, तो चुकांच्या पट्टीत. चिन्हाची आणि एककाची चूक सरावाच्या एकाही पेपरात पुन्हा झाली नाही. जिथे फरक पडला नाही, तीही जागा स्पष्ट होती: पाच गुणांचं मोठं उत्तर. सांगाडा आठवत होता, पण तो किती वाक्यांत आणि कोणत्या क्रमाने उलगडायचा, याचा सराव पान देत नाही.

पुन्हा करायचं तर

हिरवा गठ्ठा कपाटात ठेवायचा नाही. भाषेच्या पेपरांच्या काळात रोज दोन पानांसोबत हिरव्यातल्या एखाद्या पानावरचे कोणतेही दोन प्रश्न विचारायचे. तीन मिनिटांचं काम आहे. दोनपैकी एक चुकला तरी पान पिवळ्यात जातं.

प्रश्न लिहितानाच पेपरचा आराखडा शेजारी हवा. भाग १ असो वा भाग २, चाळीसपैकी दहा गुण एका गुणाच्या प्रश्नांचे, बाकी तीस कारणं, फरक, आकृत्या, गणितं आणि मोठी उत्तरं यांचे. तिच्या पानांवर हे प्रमाण उलटं होतं, कारण एका शब्दाचा प्रश्न लिहायला सोपा आणि तपासायलाही सोपा. दहा प्रश्नांपैकी निदान सहा ‘का’ किंवा ‘कसं’ विचारणारे असते, तर शनिवारचा धक्का ८ फेब्रुवारीलाच बसला असता आणि तेव्हा तो परवडलाही असता.

सोळा दिवस पानं बनवण्यात गेले, हेही जास्तच. धडा वर्गात संपला की त्याच आठवड्यात पुस्तक बंद ठेवून कच्चा कागद लिहून ठेवला असता, तर जानेवारीत फक्त पक्कं पान उरलं असतं आणि जड धड्याचं काम अर्ध्या तासात आटोपलं असतं. त्यातून वाचणारे सात-आठ दिवस मोठी उत्तरं लिहिण्याला देता आले असते.

एक गोष्ट उघडीच राहिली. मंडळाच्या गुणपत्रिकेत भाग १ आणि भाग २ चे गुण वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे शनिवारी दुरुस्त केलेले दोन धडे प्रत्यक्ष पेपरात टिकले का, हे समजलं नाही. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. गुण समाधानकारक असल्याने घरच्यांनी ती मागवली नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी ती हवी होती.